साहेबांची पीपीटी

पीपीटी करणारा आणि ती मांडणारा, ही आपल्या बहुतेक कार्यालयांत दोन वेगळी माणसं असतात. बँकेचं विभागीय कार्यालय असो, जिल्हा परिषद असो, साखर कारखाना असो की हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी. "उद्या साडेअकराला बोर्डासमोर जायचंय, दहा-बारा स्लाइड करून ठेव" असं सांगणारा एक असतो आणि रात्री उशिरापर्यंत थांबून एक्सेलमधले आकडे चिकटवणारा दुसरा. करणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. मांडणाऱ्याला फाइल निवांत पाहायला मिळते ती गाडीत, बैठकीला जाता जाता.

स्वतःसाठी स्लाइड करणं आणि वरिष्ठांसाठी करणं यांत खरा फरक इथेच पडतो. स्वतः बोलणारा माणूस स्लाइडवरची गफलत तोंडी सावरून घेतो. दुसऱ्याच्या हातात दिलेली स्लाइड मात्र तिच्यावर जे लिहिलंय तेवढंच बोलते. म्हणून अशा पीपीटीत सजावटीपेक्षा एका गोष्टीवर जास्त वेळ घालवावा लागतो, ती म्हणजे स्लाइडचा मथळा. मथळा असा हवा की साहेबांनी तो जसाच्या तसा वाचून दाखवला तरी सभागृहाला मुद्दा कळावा. त्याखालचा आलेख असा हवा की "हे कशावरून म्हणता?" या प्रश्नाचं उत्तर त्यावर बोट ठेवून देता यावं. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या सोयीसाठी.

मथळा चुकला की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेच्या अधिकृत चौकशी अहवालात नोंदलेलं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडालं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना बोइंगच्या अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास करून नासाच्या व्यवस्थापकांपुढे स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर दिलासा देणारा होता. यानाच्या उष्णतारोधक टाइल्सना फोम किती भेदू शकतो याचा अंदाज बांधायच्या पद्धतीत पुरेशी सावधगिरी आहे, असं चाचण्यांची माहिती दाखवते, असा त्याचा आशय. मथळ्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी बारीक उपमुद्दे अशी उतरंड. आणि अगदी तळाच्या ओळींत एक तुलना: आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा, चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा.

आपल्या मापात सांगायचं तर एकतीस लिटरांहून मोठा तुकडा आणि जेमतेम पन्नास मिलिलिटरचा तुकडा, म्हणजे ६४० पटींचा फरक. ज्या चाचण्यांच्या जोरावर मथळा धीर देत होता, त्या चाचण्या या धडकेच्या आसपासही जात नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान कोसळलं आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही. फोम पंखाच्या कडेवर आदळला होता आणि धोका ओळखण्यात चुका अनेक पातळ्यांवर झाल्या. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात त्या एका स्लाइडची चिरफाड छापली. ती केली होती येल विद्यापीठातले प्राध्यापक आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी. गंभीर तांत्रिक विषय नीट लिहिलेल्या अहवालाऐवजी स्लाइडवरून हाताळले जातात, यावर मंडळाने स्पष्ट नाराजी नोंदवली.

त्या स्लाइडवरची माहिती खोटी नव्हती, लपवलेलीही नव्हती. ती फक्त चुकीच्या जागी होती. तीच स्लाइड "आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा, चाचण्यांचे निष्कर्ष इथे लागू करता येत नाहीत" अशा मथळ्याची असती, तर खालचे मुद्दे कुणी वाचले नसते तरी चाललं असतं. घाईतल्या वरिष्ठाची नजर मथळ्यावर थांबते, फार तर आलेखापर्यंत येते. निर्णय बदलू शकणारी गोष्ट तेवढ्या पट्ट्यात नसेल, तर ती स्लाइडवर असून नसल्यासारखी.

आता हे रोजच्या कामात कसं उतरवायचं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एका तालुका दूध संघाचे चार संकलन मार्ग आहेत. उन्हाळ्यात शीतकरण केंद्रावर पोहोचेपर्यंत काही दूध आंबतं आणि नाकारलं जातं. कार्यकारी संचालकांना संचालक मंडळापुढे एका बल्क कूलरचा प्रस्ताव ठेवायचा आहे आणि पीपीटी करायची जबाबदारी संकलन विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्यावर आली आहे.

पहिला खर्डा साधारण कसा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या स्लाइडवर संघाचं बोधचिन्ह आणि संस्थापकांचा फोटो. दुसरीचा मथळा "दूध संकलन व नुकसान आढावा", खाली चार मार्ग आणि बारा महिन्यांचा ४८ चौकटींचा तक्ता, शेजारी उठावदार त्रिमिती पाय चार्ट. तिसरीवर "समस्या" आणि सात बुलेट. चौथीवर "उपाययोजना" आणि आणखी सात बुलेट. कूलरची किंमत नवव्या स्लाइडवर, तीही "इतर बाबी" या मथळ्याखाली. माहिती भरपूर आहे, पण मंडळाने आज नेमकं काय करायचं हे नवव्या स्लाइडपर्यंत कळत नाही, आणि तोवर एखादे संचालक फेब्रुवारीतल्या फॅटच्या दराबद्दल विचारायला लागलेले असतात.

इथे पॉवरपॉइंट बंद करावं आणि कोरा कागद घ्यावा. त्यावर फक्त मथळे लिहावेत, आणि प्रत्येक मथळा क्रियापदासह पूर्ण वाक्य असावा. दूध संघाच्या उदाहरणात ते असे होतील:

क मार्गावर बल्क कूलरसाठी १२ लाखांची मंजुरी हवी आहे. तो मार्चपूर्वी बसायला हवा.

उन्हाळ्यात नाकारलेल्या दर १०० लिटरपैकी ६४ लिटर दूध एकट्या क मार्गाचं होतं.

क मार्गावर दूध थंड व्हायला साडेचार तास लागतात. बाकी मार्गांवर अडीच.

मधल्या गावात कूलर बसला तर हा वेळ दोन तासांवर येतो.

कूलरचा खर्च चार वर्षांत भरून निघतो.

पाच मथळे, पाच स्लाइड. हे मथळे एकापाठोपाठ एक वाचले की प्रस्ताव पूर्ण कळतो की नाही, ही पहिली परीक्षा. मागणी सुरुवातीलाच आली आहे, हे मुद्दाम. आपल्याकडे आधी पार्श्वभूमी, मग अडचणी, मग उपाय आणि शेवटी मागणी असा क्रम हाताला बसलेला असतो. वरिष्ठांच्या बैठकीत तो उलटा करावा लागतो, कारण मागणी माहीत असली की पुढची प्रत्येक स्लाइड मंडळ त्या मागणीच्या कसोटीवर वाचतं. शिवाय बैठक मध्येच आटोपती घ्यावी लागली तरी मुख्य गोष्ट बोलून झालेली असते.

मथळा खरोखर काही सांगतो का, हे ओळखायला सोपा प्रश्न आहे: यावर कुणी "मला नाही पटत" असं म्हणू शकेल का? "नुकसान आढावा" या शब्दांशी कुणी असहमत होऊ शकत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नाही. "६४ लिटर एकट्या क मार्गाचं" हे मात्र कुणी तरी तपासू शकतं, खोडू शकतं. तसंच मथळ्यात "आणि" आला की थबकावं. "क मार्गावर नुकसान जास्त आहे आणि कूलर परवडतो" ही दोन विधानं आहेत, त्यांना दोन वेगळे पुरावे लागतात, म्हणून दोन स्लाइड. उलट तिसऱ्या मथळ्यातली साडेचार आणि अडीच तासांची जोडी ही एकच तुलना आहे. ती तोडली तर अर्थच जाईल. मथळा दोन ओळींपेक्षा लांबला तर बहुतेक वेळा त्यात दुसरं विधान घुसलेलं असतं.

हा कागद त्याच दिवशी साहेबांना दाखवावा. "सर, स्लाइड अजून केल्या नाहीत, पण बोलण्याचा ओघ हा आहे, चालेल का?" असं विचारायला पाच मिनिटं लागतात. साहेबांना मागणी वेगळ्या शब्दांत मांडायची असेल, मंडळातल्या कुणाला क मार्गाचं नाव आलेलं खटकणार असेल, तर ते इथेच कळतं. बारा स्लाइड रंगवून झाल्यावर कळलं तर रात्र जाते.

एका स्लाइडला एकच म्हणणं, याचा अर्थ स्लाइडवर तीनच शब्द आणि मागे मोठा फोटो असा मात्र नाही. ती शैली हजार माणसांपुढे बोलणाऱ्याला शोभते. संचालक मंडळाच्या हातात स्लाइडची छापील प्रत असते, गैरहजर सदस्य ती नंतर फोनवर वाचतात. त्यांना आकडा, त्याचं एकक, कालावधी आणि माहिती कुठून घेतली याची बारीक ओळ, एवढं लागतंच. फक्त स्लाइडवरची प्रत्येक गोष्ट मथळ्याच्या वाक्याला आधार देणारी हवी. आधार देत नसेल तर ती चुकीची नसली तरी तिची जागा इथे नाही.

आता दुसरी स्लाइड भरू. समजा, एप्रिल ते जून या काळात नाकारलेलं दूध असं आहे: अ मार्ग २,१०० लिटर, ब १,८००, क ९,६०० आणि ड १,५००. एकूण १५,०००. चार आकड्यांसाठी पाय चार्ट काढायचा मोह होतोच. इथे आलेखांच्या अभ्यासातली एक जुनी गोष्ट कामी येते. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या बेल लॅब्समधल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसं आलेख कितपत अचूक वाचतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका सामाईक पट्टीवरचं स्थान डोळा सगळ्यात नेमकं ओळखतो, नुसत्या लांबीत थोडी जास्त चूक होते, कोनात त्याहून जास्त आणि क्षेत्रफळात आणखी. पाय चार्ट कोन आणि क्षेत्रफळावर चालतो. शून्यापासून निघणाऱ्या पट्ट्या सामाईक पट्टीवर चालतात.

पायची निंदा थोडी जास्तच होते, हेही खरं. एकच तुकडा अर्ध्याहून मोठा आहे एवढंच दाखवायचं असेल तर दोन तुकड्यांचा पाय चार्ट वाईट नसतो. पण चार मार्गांच्या पायमध्ये अ, ब आणि ड यांचे तुकडे जवळपास सारखे दिसतात, त्यांची नावं बाजूच्या सूचीत जातात आणि डोळा रंग जुळवत बसतो. त्यात त्रिमिती परिणाम दिला की पुढच्या बाजूचा तुकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागतो. तो परिणाम कुठल्याच आलेखात वापरू नये, याला अपवाद सुचत नाही.

म्हणून आडव्या पट्ट्या. आडव्या यासाठी की मार्गांची किंवा गावांची नावं सरळ लिहिता येतात, तिरकी करावी लागत नाहीत. क्रम अ-ब-क-ड असा न ठेवता आकड्यानुसार ठेवावा. सगळ्यात मोठी पट्टी वर. क मार्गाची पट्टी गडद निळी, बाकी तिन्ही करड्या. आकडे पट्टीच्या टोकाशीच लिहिले की खालच्या अक्षावरचे आकडे, मागच्या जाळीच्या रेषा आणि रंगसूची ही तिन्ही काढून टाकता येतात. उरतं ते मथळ्याचं चित्र. लाल-हिरवा ही जोडी टाळलेली बरी, कारण काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि कार्यालयातला प्रिंटर बहुधा काळा-पांढराच छापतो. निळा आणि करडा झेरॉक्समध्येही वेगळे राहतात.

पट्टीचा आलेख शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, आणि याचं कारण एका खऱ्या आकड्यावरून लख्ख दिसतं. जनगणनेनुसार महाराष्ट्रातली स्त्री साक्षरता २००१ मध्ये ६७.०३ टक्के होती, २०११ मध्ये ७५.८७ टक्के झाली. अक्ष ६५ पासून सुरू केला तर पहिली पट्टी दोन घरं उंच आणि दुसरी जवळपास अकरा घरं, म्हणजे पाचपटीहून मोठी दिसते. प्रत्यक्षात दुसरा आकडा पहिल्याच्या सव्वापटही नाही. एक्सेल काही वेळा अक्षाची सुरुवात स्वतःच ठरवतं, त्यामुळे करणाऱ्याच्या मनात नसतानाही अशी फसवणूक होते. अक्षावर राइट-क्लिक करून Format Axis मध्ये Minimum ची चौकट पाहावी; पट्ट्या असतील तर तिथे 0 लिहावं.

याच आकड्यांत एक अधिक चांगली गोष्ट दडलेली आहे. पुरुषांची साक्षरता त्याच काळात ८५.९७ वरून ८८.३८ झाली. म्हणजे दोघांमधलं अंतर जवळपास १९ वरून साडेबारावर आलं. हे दाखवायला चार पट्ट्या नकोत. डावीकडे २००१, उजवीकडे २०११ आणि मध्ये दोन रेषा, वरची पुरुषांची, खालची स्त्रियांची, एकमेकींकडे सरकणाऱ्या. रेषेच्या टोकाशीच "स्त्रिया ७५.९" आणि "पुरुष ८८.४" असं लिहावं. रेषेच्या आलेखात लक्ष चढ-उताराकडे जातं, म्हणून तिथे अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो, फक्त आकडे दिसले पाहिजेत. मथळा लिहिताना एक काळजी: स्त्री साक्षरता "८.८ टक्क्यांनी वाढली" असं लिहू नये. ती ६७.० टक्क्यांवरून ७५.९ टक्क्यांवर गेली, ८.८ टक्के-अंकांनी, टक्क्यांनी मोजली तर वाढ १३ टक्के भरते. मंडळावर एखादे निवृत्त प्राध्यापक किंवा सीए असले तर साहेबांना पहिला प्रश्न याच जागी येतो. दोन्ही टोकांचे आकडे लिहिले की वादच उरत नाही.

पाचव्या स्लाइडवर पैशांचा हिशेब आहे आणि तिथे आलेखाची गरजच नाही. समजा, क मार्गावर वर्षभरात १६,००० लिटर दूध नाकारलं जातं आणि कूलर त्यातलं १२,००० लिटर वाचवेल. लिटरला ३५ रुपये धरले तर ४ लाख २० हजार. वीज, डिझेल आणि देखभाल १ लाख २० हजार. हातात वर्षाला ३ लाख, आणि कूलर १२ लाखांचा. पाच ओळींची वजाबाकी मोठ्या अक्षरांत लिहावी, शेवटची ओळ ठळक. आकडे आहेत म्हणून आलेख काढायलाच हवा असं नाही. मात्र १२,००० लिटर वाचतील हे गृहीतक आहे, ते तिथेच "अंदाज" म्हणून लिहावं. निम्मंच दूध वाचलं, म्हणजे ८,००० लिटर, तर काय? २ लाख ८० हजारांतून खर्च वजा जाता १ लाख ६० हजार उरतात आणि खर्च भरून निघायला साडेसात वर्षं लागतात. हा हिशेब साहेबांना आधीच माहीत असलेला बरा.

इथेच आपल्याकडची एक नेहमीची अडचण येते. संचालक लाख-कोटीत विचार करतात आणि एक्सेल 1,200,000 असं लिहून मोकळं होतं. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारत निवडलेला असेल तर स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात, पण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पुन्हा बदलू शकतात. पक्कं हवं असेल तर चौकटी निवडून Format Cells मधल्या Custom मध्ये हे लिहावं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यामुळे आकडा 12,00,000 असा दिसतो. ऋण आकड्यांना मात्र हे लागू पडत नाही. ते जुन्याच पद्धतीने दिसतात, त्यामुळे तोट्याच्या तक्त्यात भरवसा ठेवू नये. स्लाइडसाठी त्याहून सोपा मार्ग म्हणजे शीटमध्येच एक लाखाने भागून "१२ लाख" लिहिणं. एका पीपीटीत एकच एकक ठेवावं. एका स्लाइडवर हजार आणि पुढच्यावर लाख आले की मंडळाचा हिशेब चुकतो आणि त्याचा जाब साहेबांना द्यावा लागतो.

अक्षरांबद्दल थोडक्यात. सध्याच्या रुंद स्लाइडवर मथळा २८ ते ३२ पॉइंट, मजकूर निदान १८ आणि आलेखावरची नावं १४ पेक्षा लहान नकोत. खात्री करायची तर Slide Sorter मध्ये सगळ्या स्लाइड लहान करून पाहाव्यात. तिथे मथळा वाचता येत नसेल तर शेवटच्या खुर्चीवरूनही येणार नाही. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. म्हणून युनिकोडच वापरावा. विंडोजवर निर्मला यूआय बहुतेक ठिकाणी असतोच. वेगळा फॉन्ट घेतला असेल तर File, Options, Save या वाटेने Embed fonts in the file वर खूण करावी आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवावी.

फाइल साहेबांच्या हातात देताना खरी कसोटी लागते, कारण तेव्हाच "तो बारा महिन्यांचा तक्तापण टाक ना" असं सांगणं येतं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नसतं. प्रश्न आला आणि आकडा हाताशी नसला तर अडचण त्यांचीच होते. अशा वेळी तक्ता मुख्य स्लाइडवर न कोंबता परिशिष्टात ठेवावा. "सर, तो तक्ता शेवटी चौदाव्या स्लाइडला ठेवलाय. कुणी विचारलं तर १४ टाइप करून एंटर दाबा, थेट येईल." स्लाइड शो चालू असताना आकडा आणि Enter दाबल्यावर पॉवरपॉइंट त्या स्लाइडवर उडी मारतं, हे अनेकांना माहीत नसतं. B दाबलं की पडदा काळा होतो आणि चर्चा माणसांकडे वळते. पुन्हा B दाबलं की स्लाइड परत. दोन्ही गोष्टी एकदा करून दाखवाव्यात, आणि त्यासाठी प्रत्येक स्लाइडवर क्रमांक छापलेला हवा.

खालच्या नोट्समध्ये भाषण लिहू नये, साहेब ते वाचत नाहीत. तीन ओळी पुरतात: आकडा कुठून आणि कोणत्या तारखेचा, त्यातलं गृहीतक कोणतं, आणि या स्लाइडवर हमखास येणारा प्रश्न कोणता. पाचव्या स्लाइडच्या नोट्समध्ये "निम्मं दूध वाचलं तर साडेसात वर्षं" ही ओळ असली की काम झालं.

एक सावधगिरी फारच कमी जण घेतात. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना Embed Workbook असा पर्याय निवडला, तर आलेखाबरोबर ती आख्खी वर्कबुक फाइलच्या पोटात जाते. त्यात दुसऱ्या पानावर कर्मचाऱ्यांचे पगार किंवा पुरवठादारांचे दर असतील, तर पीपीटी मिळालेला कुणीही आलेखावर राइट-क्लिक करून Edit Data मधून ते पाहू शकतो. आलेख फाइलशी जोडून चिकटवला तर वर्कबुक आत जात नाही, पण दुसऱ्या संगणकावर तो बदलता येत नाही. साहेबांना ऐनवेळी आकडा दुरुस्त करावा लागणार असेल, तर फक्त आलेखापुरते आकडे नव्या वर्कबुकमध्ये घेऊन तिथून आलेख बनवावा आणि मगच तो आत चिकटवावा. बदल होणारच नसेल तर Picture म्हणून चिकटवणं सगळ्यात सुरक्षित.

काही विषय या पद्धतीत बसतच नाहीत. निविदांची कलमवार तुलना, लेखापरीक्षणातले आक्षेप, कराराचा मसुदा, यांत सगळे तपशील एकाच वेळी समोर लागतात आणि एकेका स्लाइडवर पसरले की तुलनाच हरवते. तिथे दोन पानांची टिपणी लिहून ती बैठकीआधी वाटावी. अॅमेझॉनने तर २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सलग गद्यातल्या टिपण्या वाचून मग चर्चा करायची पद्धत आणली. आपल्या सरकारी कार्यालयांना टिपणी नवी नाही. तिचा उपयोग पीपीटीसोबत केला तर स्लाइडवरचा निम्मा भार उतरतो.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी साहेबांना विचारून घ्यावं, कुणी काय विचारलं आणि ते कोणत्या स्लाइडवर. ते प्रश्न त्या त्या स्लाइडच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून फाइल जपून ठेवावी, आणि पुढच्या वेळचे मथळे लिहायला बसण्याआधी ती उघडावी.